सोमवारी सकाळी आलेले पेशंट : ‘हॉलिडे हार्ट’ची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, “एरवी हृदयाला काहीच नाही, वय पस्तीस, पण पार्टीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे छातीत वेडीवाकडी धडधड सुरू झाली. हे ॲसिडिटीचं की हृदयाचं?” आज मी या प्रश्नाचं उत्तर इतिहासातून देणार आहे, कारण डॉक्टरांनाही ते सहज सापडलं नव्हतं.

दारू आणि हृदय यांचा संबंध जुनाच ठाऊक होता. जर्मनीत म्युनिकला ओटो बोलिंगर नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. 1884 साली त्यांनी लिहिलं की भरपूर बिअर पिणाऱ्यांची हृदयं शवविच्छेदनात मोठी आणि फुगलेली दिसतात. पुढे याला ‘म्युनिकचं बिअर-हृदय’ म्हणू लागले. पण बोलिंगर यांच्यासमोर माणूस गेल्यानंतरचं हृदय होतं. ते मोठं झालंय हे त्यात दिसायचं, पण जिवंतपणी त्याचे ठोके कधी आणि कसे चुकले हे कुठून कळणार? त्यासाठी ईसीजी लागतो. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला, आणि एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे काय हे त्यानंतरच नीट कळलं.

ते थोडक्यात समजून घेऊ. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद, खालचे दोन म्हणजे निलय. एरवी वरच्या बाजूच्या एका छोट्या केंद्रातून विजेची लहर निघते, आधी अलिंद आकुंचन पावतात, मग निलय. फिब्रिलेशनमध्ये अलिंदात मिनिटाला साधारण साडेतीनशे ते सहाशे विस्कळीत लहरी फिरत राहतात. अलिंद आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. मधल्या गाठीतून त्यातल्या काहीच लहरी खाली उतरतात, त्याही कशाही अंतराने. म्हणून मनगटावर बोट ठेवलं तर नाडीला ताल सापडत नाही. धावल्यावर नाडी जलद होते पण ताल कायम असतो. इथे तालच गेलेला असतो. हा फरक लक्षात ठेवा.

आता 1978 साल. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये फिलिप एटिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूनंतर ठोके बिघडून दाखल झालेल्या चोवीस पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात मिळून बत्तीस प्रसंग होते आणि सर्वाधिक आढळलेला बिघाड होता एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचा उघड आजार कुणाला दिसत नव्हता. पण बहुतेक दाखले रविवार ते मंगळवार या दिवसांतले, नाहीतर वर्षअखेरच्या सुट्ट्यांच्या आसपासचे होते. म्हणजे धागा सापडला तो कॅलेंडरमध्ये! त्यावरूनच त्यांनी नाव दिलं, ‘हॉलिडे हार्ट’.

नाव इतकं चपखल होतं की ते लगेच रुळलं. पण त्याने एक गैरसमजही रुजवला. एटिंजर यांचे पेशंट वर्षातून एकदा घेणारे नव्हते. ते नेहमीचे भरपूर पिणारे होते आणि सुट्टीत त्याहून जास्त प्यायले होते. नाव ऐकून मात्र आपल्याला वाटतं की हा सुट्टीचा आजार आहे, सुट्टी संपली की तोही संपला. एरवी न पिणाऱ्यांमध्येही एका रात्रीनंतर हे घडू शकतं, याचे दाखले पुढे डॉक्टरांना मिळत गेले. पण किती दारूने आणि किती वेळाने, हे कळायला बरीच वर्षं लागली.

गंमत म्हणजे पुढचा एक मोठा प्रयत्न पुन्हा म्युनिकमध्येच झाला. 2015 च्या ऑक्टोबरफेस्टमध्ये डॉक्टर स्मार्टफोनला जोडलेलं ईसीजी यंत्र घेऊन बिअरच्या तंबूंत गेले आणि तीन हजारांवर लोकांची श्वासातली दारू नि ठोके मोजले. जवळजवळ तीस टक्क्यांमध्ये काहीतरी बिघाड दिसला. पण त्यातला बहुतांश भाग म्हणजे फक्त जलद झालेली, तालातली नाडी. फिब्रिलेशन क्वचितच. मग एटिंजर चुकले का? नाही. तंबूतला ईसीजी म्हणजे पीत असतानाचा एक क्षण. एटिंजर यांचे पेशंट मात्र प्यायल्यानंतर, रविवार-सोमवारी दवाखान्यात पोहोचले होते.

ही अडचण 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने सोडवली. अधूनमधून फिब्रिलेशन होणाऱ्या शंभर जणांनी चार आठवडे अंगावर ईसीजी यंत्र आणि घोट्याला घामातली दारू ओळखणारा पट्टा बांधला. एका ड्रिंकनंतरच्या चार तासांत झटक्याची शक्यता साधारण दुप्पट झाली, दोन किंवा जास्त ड्रिंकनंतर तिपटीहून जास्त. इथे जपून बोललं पाहिजे. हे लोक आधीपासून या आजाराचे होते, त्यामुळे ‘एका ड्रिंकने निरोगी माणसालाही होतं’ असा अर्थ काढू नका. आणि त्यांचं ‘एक ड्रिंक’ म्हणजे 14 ग्रॅम अल्कोहोल. आपला 60 मिलीचा लार्ज पेग साधारण 20 ग्रॅमचा भरतो. म्हणजे आपले दोन पेग त्यांच्या हिशेबाने जवळजवळ तीन.

हे का होतं? अलिंदाचा स्नायू एका ठोक्यानंतर क्षणभर विश्रांती घेतो, त्या वेळात नवी लहर त्याला हलवू शकत नाही. दारूमुळे ही विश्रांती आखूड होते, विशेषतः फुप्फुसातून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी. फिब्रिलेशनची ठिणगी बहुधा तिथेच पडते, हे 1998 साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी दाखवलं होतं. त्यात जागरण, उलट्या, कमी झालेलं पोटॅशियम आणि उतरत्या दारूबरोबर वाढलेलं ॲड्रेनलिन यांची भर पडते.

आता त्या श्रोत्याकडे वळू. समजा, लग्नाच्या रात्री सहा पेग झाले, पहाटे चारला धडधडीने जाग आली आणि नाडी बेताल आहे. पहिलं काम म्हणजे धडधड चालू असतानाच ईसीजी काढणं, कारण थांबल्यावर तो नॉर्मल येतो आणि ‘गॅस असेल’ म्हणून विषय संपतो. दुसरं, सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. पुष्कळदा ताल चोवीस तासांत आपोआप परततो. पण 48 तास उलटले की थरथरणाऱ्या अलिंदात गुठळी झालेली असू शकते, आणि मग शॉक देऊन ताल परत आणण्याआधी डॉक्टरांना रक्त पातळ करण्याचा विचार करावा लागतो. वेळ माहीत नसेल तर हा निर्णय अवघड होतो. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं यातलं काही असेल तर मात्र घरी थांबू नका. बरं झाल्यावरही थायरॉईड आणि इकोची तपासणी करून घ्या. दोष दारूचाच आहे हे दुसरी कारणं वगळल्यावरच म्हणता येतं.

आणि दारू सोडल्याने फरक पडतो का? 2020 साली ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगाचा निकाल आला. आठवड्याला दहा किंवा जास्त ड्रिंक घेणारे, फिब्रिलेशन असलेले 140 जण त्यात होते. ज्यांना दारू सोडायला सांगितलं, त्यांच्यात सहा महिन्यांत 53 टक्क्यांना पुन्हा झटका आला. ज्यांनी चालू ठेवली, त्यांच्यात 73 टक्क्यांना. म्हणजे सोडल्याने सगळं मिटत नाही, पण फरक खरा आहे.

तेव्हा त्या श्रोत्याला माझं उत्तर असं, की ॲसिडिटीने छातीत जळजळ होते, पण नाडीचा ताल सहसा जात नाही. पुढच्या वेळी आधी मनगटावर बोट ठेवा आणि मग घड्याळ बघा. आता तुमचे प्रश्न घेऊ.