परदेशातील जन्मनोंदणीचे विनंतीपत्र (भारतीय दूतावास)

परदेशातील जन्मनोंदणीचे विनंतीपत्र हे भारताबाहेर जन्मलेल्या अपत्याच्या जन्माची नोंद भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात व्हावी, यासाठी आईवडिलांनी विहित अर्जासोबत जोडावयाचे पत्र आहे. व्यवहारात ते ‘कव्हरिंग लेटर’ या नावानेच ओळखले जाते. रुग्णालयाच्या नोंदी, स्थानिक शासनाचा जन्मदाखला आणि आईवडिलांची पारपत्रे ही या पत्राची प्रमुख सहपत्रे होत. या कागदपत्रांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे आणि त्यांतील तफावतीचा खुलासा करणे, हे पत्राचे मुख्य कार्य असते.

कायदेशीर पार्श्वभूमी

भारताबाहेर जन्मलेल्या अपत्याचे नागरिकत्व नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार, म्हणजे वंशपरंपरेने ठरते. १० डिसेंबर १९९२ पूर्वी जन्मलेल्यांच्या बाबतीत केवळ पित्याचे नागरिकत्व विचारात घेतले जात असे. त्या दिवसापासून आई किंवा वडील यांपैकी कोणीही एक जन्मसमयी भारतीय नागरिक असणे पुरेसे झाले. ३ डिसेंबर २००४ पासून त्यात आणखी एक अट आली. त्या दिवशी वा त्यानंतर परदेशात जन्मलेले अपत्य केवळ आईवडील भारतीय आहेत म्हणून भारतीय नागरिक ठरत नाही. जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्माची नोंद व्हावी लागते. हे वर्ष उलटल्यास नोंदणीसाठी केंद्र सरकारची परवानगी आवश्यक असते.

नोंदणीच्या वेळी आईवडिलांना असे लेखी प्रतिज्ञापन द्यावे लागते की, अपत्याकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचे पारपत्र नाही. हे प्रतिज्ञापन नसल्यास नोंदणी होत नाही.

ही अट आखाती देशांत विशेष महत्त्वाची ठरते. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत आदी देशांत परदेशी आईवडिलांच्या अपत्याला केवळ तेथे जन्मल्यामुळे नागरिकत्व मिळत नाही. भारतीय दूतावासात नोंद झाली नाही, तर असे मूल कोणत्याच देशाचा मान्य नागरिक नसण्याची शक्यता निर्माण होते.

पत्राचे स्थान

नागरिकत्व नियम, २००९ नुसार नोंदणीचा अर्ज ‘नमुना १’ मध्ये करावा लागतो. कायद्याच्या दृष्टीने अर्ज म्हणजे हा नमुनाच होय; विनंतीपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. तथापि नमुन्यातील रकाने ठरावीक असल्यामुळे ‘आईचे आडनाव दोन कागदांवर निरनिराळे का आहे’ किंवा ‘वडिलांचे पारपत्र जन्मानंतर का बदलले’ अशा प्रश्नांची उत्तरे त्यांत बसत नाहीत. ती उत्तरे पत्रात द्यावयाची असतात. म्हणून पत्र एका पृष्ठाचे असावे आणि त्यात अर्जातील मजकुराची पुनरुक्ती टाळावी.

पत्र ज्या दूतावासाच्या कार्यक्षेत्रात जन्म झाला, त्याच दूतावासाच्या नावे लिहावे. उदाहरणार्थ, दुबई, शारजा व उत्तरेकडील इतर अमिरातींतील जन्मांसाठी दुबईतील भारतीय महावाणिज्य दूतावास, तर अबुधाबी अमिरातीतील जन्मांसाठी अबुधाबीतील भारतीय दूतावास, अशी विभागणी आहे.

रुग्णालयाच्या नोंदी

रुग्णालय प्रसूतीनंतर जन्माची सूचना देते. तिच्यात जन्माची तारीख व वेळ, अपत्याचे लिंग आणि आईचे नाव असते. बहुधा तोपर्यंत अपत्याचे नाव ठरलेले नसल्याने त्या जागी ‘अमुक यांचे बाळ’ एवढाच उल्लेख आढळतो. या सूचनेच्या आधारे स्थानिक आरोग्य प्रशासन जन्मदाखला देते. दूतावासात मुख्य पुरावा म्हणून हा दाखलाच ग्राह्य धरला जातो. रुग्णालयाचा कागद त्याला पूरक असतो. हे मूल याच मातेच्या पोटी, याच दिवशी जन्मले, हा दुवा मात्र रुग्णालयाच्या कागदावरूनच सर्वांत स्पष्टपणे दिसतो. अमिरातींत जन्मदाखल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन घेऊन मगच तो दूतावासात द्यावा लागतो.

आईवडिलांची पारपत्रे

पारपत्रांच्या प्रती जोडताना छायाचित्राचे पान आणि कुटुंबीयांची नावे व पत्ता असलेले शेवटचे पान, अशी दोन्ही पाने द्यावीत. कायद्याचा प्रश्न ‘जन्मसमयी आई किंवा वडील भारतीय होते काय’ हा असल्यामुळे, जन्माच्या दिवशी चालू असलेले पारपत्र महत्त्वाचे ठरते. जन्मानंतर पारपत्राचे नूतनीकरण झाले असेल, तर जुन्या पारपत्राची प्रतही जोडावी आणि पत्रात दोन्ही क्रमांक द्यावेत. आईवडिलांपैकी एकजण परदेशी नागरिक असल्यास त्याच्याही पारपत्राची प्रत द्यावी लागते.

मराठी नावांमुळे होणारी तफावत

मराठी रीतीप्रमाणे पूर्ण नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. पारपत्रात मात्र दोनच रकाने असतात, त्यामुळे पहिले दोन भाग एकत्र लिहिले जातात. विवाहापूर्वी काढलेल्या पारपत्रात आईचे नाव माहेरचे असते आणि रुग्णालय पारपत्र पाहूनच नोंद करते. परिणामी रुग्णालयाच्या कागदावर आईचे माहेरचे नाव, विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावे आणि नियोजित अपत्याच्या नावात वडिलांचे नाव व आडनाव, असे चित्र तयार होते. ही तफावत चूक नव्हे. विवाह प्रमाणपत्र जोडून पत्रात एका वाक्यात खुलासा केला की ती मिटते.

दुसरी तफावत लिप्यंतराची असते आणि ती खरी चूक असते. अरबी लिपीत ‘प’ या ध्वनीसाठी स्वतंत्र अक्षर नाही. त्याच्या जागी बहुधा ‘ब’ लिहिला जातो. पारपत्रावरील नाव न पाहता अरबी मजकुरावरून इंग्रजी नाव तयार केले गेल्यास ‘प्रकाश’चे ‘ब्रकाश’ होते. अशी चूक विनंतीपत्राने दुरुस्त होत नाही. जन्मदाखला देणाऱ्या कार्यालयाकडूनच ती दुरुस्त करून घ्यावी लागते आणि हे काम साक्षांकनापूर्वी करणे सोयीचे असते. म्हणून दाखला हाती येताच त्यावरील प्रत्येक नावाचे प्रत्येक अक्षर पारपत्राशी ताडून पाहावे.

उदाहरण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक दाम्पत्य दुबईत नोकरीनिमित्त राहते, असे समजू. त्यांच्या मुलीचा जन्म ९ ऑगस्ट २०२३ रोजी झाला. आईचे पारपत्र विवाहापूर्वीचे आहे. वडिलांचे पारपत्र सप्टेंबर २०२३ मध्ये नूतनीकृत झाले. या प्रकरणात दोन मुदती आहेत. भारतीय कायद्यानुसार नोंदणीची एक वर्षाची मुदत ८ ऑगस्ट २०२४ रोजी संपते. परंतु अमिरातींच्या नियमानुसार नवजाताचा निवासी परवाना जन्मापासून १२० दिवसांत, म्हणजे ७ डिसेंबर २०२३ पर्यंत घ्यावा लागतो. त्यानंतर दंड लागू होतो. निवासी परवान्यासाठी पारपत्र लागते आणि भारतीय पारपत्रासाठी जन्मनोंदणी लागते. त्यामुळे कागदोपत्री वर्षभर अवधी दिसत असला, तरी प्रत्यक्षात हाताशी चार महिन्यांहून कमी काळ असतो.

अशा वेळी लिहावयाच्या पत्राचा आशय पुढीलप्रमाणे असतो. प्रत्यक्षात हे पत्र बहुधा इंग्रजीत लिहिले जाते.

> प्रति,
> भारताचे महावाणिज्यदूत, दुबई
>
> विषय : नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ४(१) अन्वये मुलीच्या जन्माची नोंद करण्याबाबत
>
> महोदय,
>
> आम्ही खाली सही करणारे पती-पत्नी भारतीय नागरिक असून आमच्या मुलीचा जन्म दिनांक ९ ऑगस्ट २०२३ रोजी दुबई येथे झाला. तिच्या जन्माची नोंद करावी, ही विनंती. नमुना १ मधील अर्ज सोबत जोडला आहे.
>
> आईच्या पारपत्रावर व रुग्णालयाच्या जन्मसूचनेवर तिचे विवाहापूर्वीचे नाव आहे. विवाह प्रमाणपत्र (सहपत्र ५) यावरून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे दिसून येईल.
>
> वडिलांच्या पारपत्राचे नूतनीकरण मुलीच्या जन्मानंतर झाले आहे. जन्माच्या दिवशी चालू असलेल्या पारपत्राची प्रत (सहपत्र ४) जोडली आहे.
>
> मुलीकडे अन्य कोणत्याही देशाचे पारपत्र नाही. तसे प्रतिज्ञापन सोबत आहे.
>
> आपले विश्वासू,
> (आई व वडील, दोघांच्या सह्या, पारपत्र क्रमांक व दूरध्वनी क्रमांक)
>
> सहपत्रे : १. साक्षांकित जन्मदाखला २. रुग्णालयाची जन्मसूचना ३. आईचे पारपत्र ४. वडिलांचे जुने व नवे पारपत्र ५. विवाह प्रमाणपत्र ६. प्रतिज्ञापन

पत्रात सहपत्रांचे क्रमांक मजकुरातच दिलेले आहेत. त्यामुळे प्रत्येक खुलासा कोणत्या कागदाने सिद्ध होतो, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याला शोधावे लागत नाही.

नोंदणीनंतर

नोंदणी झाल्यावर दूतावास जन्मप्रमाणपत्र देतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम २० नुसार दूतावासात झालेली नोंद ही त्या अधिनियमाखालीही रीतसर नोंद मानली जाते. म्हणून गावी परतल्यावर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत पुन्हा नोंद करण्याचे कारण उरत नाही. शाळाप्रवेशाच्या वेळी सोयीचे म्हणून काही जण जन्मस्थान गावातले दाखवून दुसरा दाखला काढतात. पुढे पारपत्राच्या नूतनीकरणात दोन जन्मस्थाने समोर आली की, त्याचा त्रास मुलालाच होतो. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. परदेशातील जन्माची नोंद दूतावासात झालेली नसेल आणि आईवडील स्थायिक होण्यासाठी भारतात परतले असतील, तर अपत्य भारतात आल्यापासून ६० दिवसांत येथे नोंद करता येते. मात्र ही केवळ जन्माची नोंद असते. कलम ४ खालील नागरिकत्वासाठी दूतावासातील नोंद आवश्यकच राहते.

मर्यादा

अमेरिका व कॅनडा येथे जन्मलेल्या अपत्याला सामान्यतः जन्मानेच तेथील नागरिकत्व मिळते. अशा अपत्याचे तेथील पारपत्र काढल्यास कलम ४ खालील नोंदणीचा मार्ग बंद होतो, कारण आवश्यक ते प्रतिज्ञापन आईवडिलांना देता येत नाही. त्यामुळे पारपत्र काढण्यापूर्वीच कोणते नागरिकत्व ठेवावयाचे, याचा निर्णय घ्यावा लागतो. परदेशी पारपत्र घेतलेल्या अपत्यासाठी ‘ओसीआय’ नोंदणीचा वेगळा मार्ग आहे. मात्र ते भारतीय नागरिकत्व नव्हे. नोंदणीमुळे भारतीय नागरिक झालेले मूल दुसऱ्या देशाचेही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याने ते दुसरे नागरिकत्व सोडावे लागते. तसे न केल्यास कलम ४(१अ) नुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.

हेही पाहा

* भारतीय नागरिकत्व अधिनियम, १९५५
* जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९
* भारतीय पारपत्र
* वाणिज्य दूतावास