मोरी का गुरगुरते?

१७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकूपाचे पेटंट घेतले. भांड्याखालचा नळ त्याने वाकवला होता. त्या बाकात पाणी साचून राही आणि मैलाकुंडीची दुर्गंधी घरात शिरत नसे. आपल्याकडचा ‘नहाणी ट्रॅप’ याच कल्पनेचा वारस.

बाकातले हे पाणी, म्हणजे सील, आज साधारण ५० मिलिमीटर खोल ठेवतात. उंच इमारतीत तेवढ्याचीही परीक्षा होते. वर कोणी फ्लश केला की पाणी उभ्या नळाच्या कडेने कोसळते आणि मधली हवा सोबत ओढून नेते. मागे दाब घटतो. मग खालच्या मजल्यावरच्या मोरीतले सील नळाकडे खेचले जाते आणि खोलीतली हवा त्यातून बुडबुडत जाते. हीच ती गुरगुर. तळाच्या वळणाशी उलटे घडते. तिथे हवा कोंडते आणि तळमजल्याच्या मोरीतून पाणी उसळते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हेंट पाइप रूढ झाला. छपरावर उघडा असलेला हा नळ हवी तेवढी हवा पुरवतो, कोंडलेली हवा बाहेर सोडतो आणि सील जागेवर राहते. त्याच्या तोंडाला जाळी चालते, टोपण नाही. शंका आली तर मोरीत काडी बुडवून पातळी पाहावी आणि वरच्या मजल्यावर फ्लश करवून पुन्हा पाहावी.

मात्र न वापरलेल्या मोरीचे पाणी आटते, तेही आवाज न करता. तिथे व्हेंट निरुपयोगी. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये सार्सची लागण ३२१ रहिवाशांना झाली. तपासात संशय गेला तो न्हाणीघरांतल्या कोरड्या ट्रॅपांवर. अशा मोरीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओतणे, एवढाच त्यावर उपाय.