पावसाळ्याची बेगमी आणि घोड्याचे पोट

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र आपल्याला आठवते ते रयतेला त्रास देऊ नका या ताकिदीसाठी. त्यातला पागेचा हिशेब मात्र सहसा कोणी सांगत नाही. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच मनमानेल तशी उडवलीत, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील, असे महाराज बजावतात.

पोटाच्या दृष्टीने पाहता ही भीती रास्त होती. ठाणबंद घोड्याचा खरा आधार वैरण. चारशे किलोच्या घोड्याला रोज निदान सहा किलो सुके गवत हवे. ते संपले की माणूस चंदी वाढवतो, आणि तिथेच घात होतो. घोड्याचे जठर लहान, शिवाय त्याला ओकता येत नाही. तीन किलो भरडलेला हरभरा तीन तोबऱ्यांत वाटून दिला तर पचतो. एकदम दिला तर न पचलेला भाग मोठ्या आतड्यात आंबतो. मग घोडा पाय आपटतो, कुशीकडे वळून पाहतो, लोळतो, लीद थांबते. हा पोटशूळ. त्यातून वाचला तरी कधी खूर धरतात आणि घोडा कामातून जातो.

म्हणून दौडीहून आलेल्या घोड्याला आधी थंड होऊ द्यावे, पाणी दाखवावे, गवत टाकावे, चंदी तासाभराने. नवा दाणाही आठवडाभरात मूठमूठ वाढवावा.