राळेची पुडी

बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या बऱ्याच सोसायट्यांच्या पंपघरात एक उंच, बंद टाकी असते. वॉचमन अधूनमधून शेजारच्या पिंपात मिठाची गोणी रिकामी करतो आणि नळाला पांढरा थर धरायचा थांबतो. टाकीच्या आत मोहरीहून बारीक, पिवळसर मणी भरलेले असतात. हे मणी म्हणजे कृत्रिम राळ, कारखान्यातल्या भाषेत रेझिन. जड पाण्यातलं कॅल्शियम ते धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात स्वतःजवळचं सोडियम सोडून देतात. याच राळेचं एक भावंड औषधाच्या दुकानात पुडीतून मिळतं. त्याचं नाव कोलेस्टिरामीन. पंपघरातून आतड्यापर्यंतचा त्याचा प्रवास पाहिला, की हे औषध काय करतं आणि पोट का बिघडवतं, या दोन प्रश्नांचं उत्तर एकच असल्याचं लक्षात येतं.

या घराण्याची सुरुवात १९३५ साली लंडनजवळच्या टेडिंग्टनमध्ये झाली. तिथल्या प्रयोगशाळेत ॲडम्स आणि होम्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की कृत्रिम राळ पाण्यातले विद्युतभारित कण अदलाबदलीच्या व्यवहारावर पकडू शकते. ग्रामोफोनच्या फुटक्या तबकडीचा चुरा करून पाहताना त्यांना हे सुचलं, अशी कथा सांगितली जाते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पॉलिस्टायरिनपासून अशा राळा बनू लागल्या आणि त्यांचे दोन वंश झाले. एक धन कण पकडणारा, जो पंपघरात आहे. दुसरा ऋण कण पकडणारा.

या दुसऱ्या वंशाकडे औषधवाल्यांचं लक्ष गेलं ते पित्तामुळे. इथे आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो तेव्हा बहुधा जठरातलं आम्ल वर आलेलं असतं, नाहीतर अंगावर गांधी उठलेल्या असतात. यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा, हिरवट पिवळा पित्तरस ही निराळी गोष्ट. तेलकट ताट नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबण लागतो. आतड्यात साबणाचं हे काम पित्तरसातली पित्ताम्लं करतात, आणि यकृत ती बनवतं कोलेस्टेरॉलपासून.

शरीर या साबणाच्या बाबतीत कमालीचं काटकसरी आहे. एका वेळी अंगात पित्ताम्लं असतात जेमतेम तीन-चार ग्रॅम. पण ती दिवसातून सहा ते दहा फेऱ्या मारतात. जेवण आलं की आतड्यात उतरायचं, स्निग्ध पदार्थ विरघळवायचे, लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात शोषलं जायचं आणि रक्तातून यकृतात परत. पूर्वी मुंबईत आरेच्या दुधाच्या रिकाम्या बाटल्या परत जात आणि भरून पुन्हा येत, तसंच हे. फेरीमागे ९५ टक्के माल परत येतो. शौचावाटे रोज अर्धा ग्रॅमच्या आसपास जातो, तेवढाच यकृत नव्यानं बनवतं.

परतणाऱ्या बाटल्या वाटेत कोणी अडवल्या तर? डेअरीला नव्या घ्याव्या लागतील. कोलेस्टिरामीन नेमकं हेच करतं. त्याच्या कणावर धनभार असतो आणि सोबत क्लोराइड चिकटलेलं असतं. पित्ताम्ल ऋणभारित, शिवाय अंगानं तेलकट, त्यामुळे राळेच्या तेलकट सांगाड्यालाही ते धरून राहतं. राळ क्लोराइड सोडते, पित्ताम्ल पकडते आणि ते घेऊन शौचावाटे बाहेर पडते. तिचा कण इतका मोठा, की तो आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाऊच शकत नाही. सगळं काम आतड्याच्या पोकळीत चालतं.

परतीचा माल घटला, की यकृत साठ्यातलं कोलेस्टेरॉल पित्ताम्लं बनवण्याकडे वळवतं. मग यकृताच्या पेशींनाच कोलेस्टेरॉल कमी पडतं, आणि त्या आपल्या पृष्ठभागावर एलडीएल ओढून घेणारे ग्राहक वाढवतात. रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल १५ ते ३० टक्के उतरतं ते या मार्गानं. याला मर्यादाही यकृतच घालतं. तुटवडा दिसला की ते स्वतःही जास्त कोलेस्टेरॉल तयार करू लागतं, आणि या धांदलीत ट्रायग्लिसराइड वाढतात. ज्यांचे ट्रायग्लिसराइड आधीच चढलेले आहेत, त्यांना म्हणूनच ही पुडी देत नाहीत.

मर्क कंपनीतल्या डेव्हिड टेनंट आणि सहकाऱ्यांनी १९६० साली प्राण्यांवरचे असे प्रयोग प्रसिद्ध केले. माणसावरचे पहिले प्रयोग त्याच्या वर्षभर आधी छापून आले होते. पण डॉक्टरांना या राळेचा पहिला ठसठशीत उपयोग दिसला तो खाजेवर. पित्ताचा मार्ग तुंबला की काही रुग्णांच्या अंगाला रात्ररात्र झोपू न देणारी खाज सुटते. १९६१ साली अशा रुग्णांची खाज या पुडीनं शमल्याची नोंद झाली. अट एकच: थोडं तरी पित्त आतड्यात पोचत असलं पाहिजे. मार्ग पूर्ण बंद असेल तर राळेला पकडायला काही उरतच नाही.

मग आली मोठी परीक्षा. अमेरिकेत कोलेस्टेरॉल वाढलेल्या, पण हृदयविकाराची लक्षणं नसलेल्या ३,८०६ मध्यमवयीन पुरुषांना सरासरी ७.४ वर्षं निम्म्यांना कोलेस्टिरामीन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पूड दिली गेली. १९८४ च्या जानेवारीत निकाल लागला. हृदयविकारानं मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका हे नुसती पूड घेणाऱ्यांत ८.६ टक्के, तर औषध घेणाऱ्यांत ७ टक्के. फरक थोडका होता, पण औषधानं कोलेस्टेरॉल उतरवलं की झटके कमी होतात, याचा भक्कम पुरावा त्यातून हाती आला. एकूण मृत्यूंत मात्र फरक जवळजवळ नव्हता: ७१ विरुद्ध ६८.

याच अभ्यासात राळेचं दुखणंही मोजलं गेलं. पूर्ण मात्रा दिवसाला २४ ग्रॅम, म्हणजे सहा पुड्या. पाण्यात ढवळली तरी ती विरघळत नाही. बारीक रेती घोटल्यासारखं वाटतं, दातांत कचकच राहते. पहिल्या वर्षी औषध घेणाऱ्या ६८ टक्के पुरुषांनी पोटाची काही ना काही तक्रार केली: बद्धकोष्ठ, गुबारा, वात, मळमळ, छातीत जळजळ. गंमत म्हणजे नुसती पूड घेणाऱ्या ४३ टक्क्यांनीही तक्रार केली. सातव्या वर्षापर्यंत हे आकडे २९ आणि २६ वर येऊन जवळजवळ बरोबरीत आले.

यातल्या बद्धकोष्ठाचं कारण आपण वर पाहिलेल्या व्यवहारातच आहे. रोज जी थोडी पित्ताम्लं मोठ्या आतड्यात निसटतात, ती तिथे पाणी सुटायला लावतात. ती निसर्गानं दिलेली सौम्य रेचकंच. राळेनं तीही बांधून टाकली की मळ कोरडा पडतो. म्हणून मात्रा एका पुडीपासून हळूहळू वाढवायची, पाणी भरपूर प्यायचं, आणि गरज पडल्यास इसबगोलाची जोड द्यायची. कोरडी पूड तोंडात कधीच टाकायची नाही, ती घशात अडकू शकते.

१९८७ साली पहिली स्टॅटिन गोळी अमेरिकेत बाजारात आली. दिवसातून एक गोळी, ना रेती, ना गुबारा, आणि कोलेस्टेरॉल याहून जास्त उतरतं. सहा पुड्यांचं राज्य संपलं. २००० साली कोलेसेव्हेलम ही पित्ताम्लांना जास्त घट्ट धरणारी, पोटाला कमी त्रास देणारी राळ गोळीच्या रूपात आली, पण गादी परत मिळाली नाही. कोलेस्टेरॉलसाठी राळ आज दुसऱ्या फळीत आहे: स्टॅटिन सोसत नाही किंवा पुरत नाही असे रुग्ण, आणि ज्यांना रक्तात उतरणारं औषध टाळायचं आहे अशा गरोदर स्त्रिया. तिथेही डॉक्टरांची नजर हवी, कारण मोठ्या मात्रेत राळ अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषू देत नाही.

आणि तरीही ती टिकली आहे. कशी, हे एका नमुन्याच्या रुग्णावरून पाहू. समजा, चाळिशीतल्या एका बाईंचं लहान आतड्याचं शेवटचं टोक क्षयामुळे कापून काढलं आहे, साधारण अर्धा मीटर. आपल्याकडे क्षय या जागी बऱ्याचदा घर करतो. जखम भरली, वजन स्थिरावलं, पण दिवसातून सहा-सात वेळा पाण्यासारखे जुलाब. जेवलं की घाई. उपासाच्या दिवशी मात्र निवांत. मळाच्या तपासणीत जंतू नाहीत. इथे बाटल्या परत घेणारा नाकाच कापला गेला आहे. पित्ताम्लं मोठ्या आतड्यात लोटली जातात आणि तिथे पाणी सोडवत राहतात.

त्यांना ४ ग्रॅमची एक पुडी न्याहारीबरोबर दिली जाते. न्याहारीबरोबर का? रात्रभर पित्ताशयात साठलेलं पित्त सकाळच्या पहिल्या खाण्याला एकदम उतरतं, राळ त्या वेळी आतड्यात हजर असावी म्हणून. उपाय लागू पडणार असेल तर ते काही दिवसांतच कळतं. कोलेस्टेरॉलसाठी घेणाऱ्याला जो बद्धकोष्ठाचा जाच होता, तोच गुण इथे औषध ठरतो.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. बाई थायरॉइडची गोळी सकाळी सहाला आणि पुडी आठला घेत असतील, तर राळ गोळीतलं औषधही धरते आणि काही आठवड्यांनी टीएसएच वाढलेलं दिसतं. वॉरफरिन, डिगॉक्सिन यांचंही तेच. म्हणून इतर औषधं पुडीच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्यायची. थायरॉइडच्या गोळीला चार तासांचं अंतर हवंच, त्यामुळे ती रात्री झोपताना घेणं सोपं पडतं. दुसरी चूक, किती आतडं काढलं हे न पाहणं. मीटरभराहून जास्त गेलं असेल तर यकृत कितीही राबलं तरी पित्ताम्लं पुरत नाहीत. तिथे राळ दिली तर उरलासुरला साबणही जातो. मळ तेलकट, फिकट, चिकट होतो, वजन उतरतं. असं दिसलं की पुडी थांबवायची.

पित्ताशय काढल्यानंतरही काही जणांना असाच जुलाब लागतो. साठवणीची जागा गेल्यानं पित्त सतत आतड्यात झिरपत राहतं. ‘आता पोट असंच राहणार’ म्हणून हे लोक वर्षानुवर्षं काढतात, कारण ऑपरेशन आणि जुलाब यांची सांगड कोणी घालत नाही. तुमच्या घरात असं कोणी असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ऑपरेशनचा कागद सोबत न्या, आणि जुलाब त्याच्या आधीपासून होते की नंतर सुरू झाले, एवढं मात्र आठवून सांगा.