सरकारी कर्ज, अर्थसंकल्पी तूट आणि सोन्याचा भाव

सरकारचा वर्षाचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त झाला की जी रक्कम कमी पडते ती तूट; अशा तुटी वर्षानुवर्षे साठून उभे राहते ते सरकारी कर्ज. हे कर्ज फुगले की सोने महागते, असे सराफ बाजारापासून मोठ्या गुंतवणूक संस्थांपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे, मात्र कर्ज आणि सोने यांचा संबंध थेट नाही. दोहोंच्या मध्ये वास्तव व्याजदर असतो, म्हणजे रोख्यावरच्या व्याजातून महागाई वजा केल्यावर हाती उरणारा दर. कर्जाच्या ओझ्यामुळे हा दर दाबून ठेवला गेला तर सोन्याला आधार मिळतो. कर्ज वाढत असतानाच हा दर चढला, तर सोने पडते. सोन्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये ठरत असल्याने हे तपासायला अमेरिकेचा इतिहास सर्वांत उपयोगी आहे.

सोने व्याज देत नाही. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर ४ टक्के व्याज आणि महागाई २ टक्के असेल, तर सोने बाळगणारा दरवर्षी साधारण २ टक्के खऱ्या उत्पन्नावर पाणी सोडतो. व्याज ४ टक्केच राहून महागाई ६ टक्क्यांवर गेली, तर रोखेधारकाचेच दरवर्षी २ टक्के नुकसान होते आणि सोने बाळगण्याची किंमत उरत नाही. आता सरकारच्या बाजूने पाहू. कर्ज देशाच्या वार्षिक उत्पादनाइतके, म्हणजे १०० टक्के असेल आणि सरासरी व्याजदर ३ वरून ५ टक्क्यांवर गेला, तर व्याजाचा वार्षिक खर्च उत्पादनाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर जातो. हे एका वर्षात घडत नाही. जुने रोखे जसजसे मुदत संपून नव्या दराने काढावे लागतात, तसतसा भार वाढतो. अमेरिकेत २०२४ च्या आर्थिक वर्षात तूट सुमारे १.८ लाख कोटी डॉलर झाली आणि निव्वळ व्याजाचा खर्च संरक्षणखर्चाच्या पुढे गेला, तो याच वाटेने.

एवढे व्याज भरणाऱ्या सरकारपुढे मोजके मार्ग असतात: कर वाढवणे, खर्च कापणे, उत्पादन वेगाने वाढेल अशी आशा धरणे, किंवा व्याजदर महागाईच्या खाली राहील असे पाहणे. शेवटच्या मार्गाला संसदेत मतदान लागत नाही. मध्यवर्ती बँकेने रोखे विकत घेतले, दर वाढवायला उशीर केला, बँका आणि विमा कंपन्यांना नियमांनी रोखे घ्यायला लावले, की कर्जाचे खरे मोल हळूहळू झिजते आणि तो तोटा ठेवीदार सोसतो. सोन्याच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद खरे तर या शेवटच्या मार्गाविषयी आहे. सरकार बुडेल म्हणून सोने घ्या, असे त्याचे म्हणणे नाही. स्वतःच्या चलनात कर्ज काढणारे सरकार सहसा बुडत नाही. कर्ज फेडते, पण स्वस्त झालेल्या नोटांनी.

असे घडल्याचा भक्कम पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये अमेरिकेचे जनतेकडून घेतलेले कर्ज उत्पादनाच्या सुमारे १०६ टक्के होते. १९४२ पासून फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा दर अडीच टक्क्यांच्या वर जाऊ दिला नव्हता. १९४७ मध्ये महागाई १४ टक्क्यांच्या घरात गेली तरी हा बांध कायम राहिला. मार्च १९५१ मधल्या अर्थखात्याशी झालेल्या समझोत्यानंतर तो सुटला. पुढची जलद वाढ, आटोक्यातले अर्थसंकल्प आणि अधूनमधून डोके वर काढणारी महागाई यांनी १९७४ पर्यंत हे प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली आणले. रोखेधारक भरडले गेले, पण अमेरिकी नागरिकाला सोन्याचा आसरा घेता आला नाही. १९३३ पासून खाजगी सोने बाळगण्यावर बंदी होती आणि अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलरवर गोठवलेला होता. कर्जात बुडालेले सरकार सोन्याची वाटच बंद करू शकते, ही बाब या युक्तिवादाच्या समर्थकांनी विसरू नये. आपल्याकडेही १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत लागू होता.

खरी अडचण यानंतरच्या दशकात दिसते. ऑगस्ट १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी डॉलर आणि सोन्याची गाठ सोडली आणि जानेवारी १९८० पर्यंत भाव ८५० डॉलरवर पोहोचला. ही सोन्याची सर्वांत गाजलेली तेजी झाली तेव्हा अमेरिकेचे कर्ज उत्पादनाच्या तुलनेत युद्धोत्तर काळातल्या नीचांकाजवळ होते. तेजी चालवली ती महागाईने, तेलाच्या भावाने आणि महागाईच्या मागे रेंगाळणाऱ्या व्याजदराने. कर्जाच्या आकड्यावरून सोन्याचे भाकीत करणाऱ्याने १९७० च्या दशकात सोने घेतलेच नसते.

पुढच्या पाच वर्षांत याच्या नेमके उलटे घडले, म्हणून तो काळ बारकाईने पाहण्याजोगा आहे. अध्यक्ष रेगन यांनी कर कापले, संरक्षणखर्च वाढवला. १९८३ ची तूट २०० अब्ज डॉलरच्या पुढे, उत्पादनाच्या ६ टक्क्यांच्या आसपास गेली. शांततेच्या काळात अमेरिकेने एवढी तूट क्वचितच पाहिली होती आणि सोनेसमर्थकांनी नव्या उच्चांकाची वाट पाहिली. पण फेडचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी अल्पमुदतीचे दर १९८१ मध्ये २० टक्क्यांच्या जवळ नेऊन ठेवले होते. महागाई १९८० मधल्या साडेतेरा टक्क्यांवरून १९८३ मध्ये ३ टक्क्यांच्या थोडी वर एवढी उतरली, पण दहा वर्षांच्या रोख्यांवर ११ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळतच राहिले. वजाबाकी केली तर वास्तव दर सात-आठ टक्के येतो. सरकार अवाढव्य कर्ज काढत होते आणि मध्यवर्ती बँक ते स्वस्तात पचवू द्यायला तयार नव्हती. उलट सरकारच्या उसनवारीनेच दर चढे राहिले आणि परदेशी पैसा डॉलरकडे धावला. फेब्रुवारी १९८५ मध्ये डॉलर शिखरावर होता आणि सोने ३०० डॉलरच्या खाली.

म्हणजे तूट दोन्ही दिशांना ओढते. रोख्यांचा पुरवठा वाढला की गुंतवणूकदार जास्त व्याज मागतात, आणि ते सोन्याला मारक ठरते. मध्यवर्ती बँक सरकारपुढे झुकली तरच तूट सोन्याच्या कामी येते. सोन्याच्या जाहिराती या पहिल्या ओढीविषयी बोलत नाहीत.

जपानचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलते. १९९० च्या दशकात तिथे सरकारी कर्ज झपाट्याने वाढले. पुढे एकूण कर्ज उत्पादनाच्या दुपटीच्याही वर गेले. रोखे देशातल्याच बँका, विमा कंपन्या आणि पेन्शन निधींकडे होते, महागाई शून्याभोवती घुटमळत होती, आणि त्या दशकात येनमधला सोन्याचा भाव घसरत गेला. कर्ज महागाईत कधी उतरेल आणि उतरेल की नाही, याचे उत्तर कर्जाच्या आकारात नसते.

एकविसाव्या शतकात मात्र कर्ज आणि सोने हातात हात घालून चालल्यासारखे दिसतात. अमेरिकेला चार वर्षे शिलकीचा अर्थसंकल्प मिळाला त्या काळात, १९९९ मध्ये, सोने २५० डॉलरच्या आसपास तळाला होते. मग युद्धे, २००८ चे संकट आणि २०२० ची महासाथ यांनी कर्ज वाढवले आणि सोने ऑगस्ट २०२० मध्ये २,००० डॉलरच्या वर गेले. दोन्ही रेषा वर जातात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. २०१३ हे वर्ष तपासले की फरक कळतो. कर्ज वाढतच होते, पण फेड रोखेखरेदी आवरती घेणार अशी चिन्हे दिसताच महागाईशी जोडलेल्या दहा वर्षांच्या अमेरिकी रोख्यांवरचा दर शून्याच्या खालून वर आला आणि सोने वर्षभरात २५ टक्क्यांहून अधिक पडले. हे रोखे १९९७ पासून निघत असल्याने वास्तव दर अंदाजाने काढावा लागत नाही, तो बाजारातच दिसतो. २०२० च्या शिखरावेळी तो उणे १ टक्क्याच्या आसपास होता.

२०२२ नंतर हाही नियम ढिला पडला. फेडने दर वाढवले, ऑक्टोबर २०२३ मध्ये हाच वास्तव दर अडीच टक्क्यांच्या घरात गेला, तरी सोने कोसळले नाही. मार्च २०२५ मध्ये ते ३,००० आणि ऑक्टोबरमध्ये ४,००० डॉलर ओलांडून गेले. कर्जाच्या युक्तिवादाच्या समर्थकांना हा आपला विजय वाटतो. मे २०२५ मध्ये मूडीजने अमेरिकेचा सर्वोच्च पतदर्जा काढून घेतल्याचा दाखलाही ते देतात. पण दुसरे कारणही समोरच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली आणि त्या वर्षापासून २०२४ पर्यंत जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी १,००० टनांहून अधिक सोने घेतले. ज्याची गंगाजळी गोठवली जाऊ शकते त्याला सोने हवे असते, मग कर्ज ३० टक्के असो वा १२० टक्के. तुटीची भीती आणि निर्बंधांची भीती यांचा वाटा वेगळा काढणारी खात्रीची रीत नाही. तशी टक्केवारी सांगणाऱ्याकडे संशयाने पाहावे.

युक्तिवाद खरोखर लागू होतो आहे का, हे ओळखायला काही खुणा मात्र आहेत. तुटीची बातमी आली, लांब मुदतीच्या रोख्यांचे दर चढले, डॉलर घसरला आणि सोने वाढले, तर बाजार सरकारच्या पतीवर शंका घेत आहे. दर चढले आणि डॉलरही चढला, तर ती साधी कर्जाची किंमत आहे आणि सोन्याला तिचा जाच होतो. आणि नुसता कर्जाचा नवा विक्रमी आकडा ही बातमीच नव्हे. अमेरिकी संसदेचे अर्थसंकल्प कार्यालय पुढील दहा वर्षांच्या तुटींचे अंदाज नियमित प्रसिद्ध करते, त्यामुळे ते भावात आधीच उतरलेले असतात. भाव हलतो तो अंदाज चुकल्यावर. वेळेचाही भरवसा नाही. मार्च २०२० मध्ये इतिहासातली एक सर्वांत मोठी तूट दाराशी असताना रोखीसाठी धावलेल्या गुंतवणूकदारांनी सोने विकले आणि भाव काही दिवसांत १,६०० डॉलरच्या वरून १,५०० च्या खाली आला.

भारतीय ग्राहकापर्यंत हा भाव डॉलरचा दर आणि आयातशुल्क यांतून गाळून येतो. दिल्लीतली तूट जागतिक भावाला हलवत नाही. फार तर रुपया कमजोर करून इथला भाव वाढवते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्के झाले तेव्हा भाव एका दिवसात उतरला, त्यात कर्जाचा काही संबंध नव्हता. उलट दिशेचा संबंध मात्र भारतात घडला. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने सुवर्ण रोख्यांची पहिली मालिका ग्रॅमला २,६८४ रुपयांनी विकली, म्हणजे सोन्याच्या भावाने फेडायचे कर्ज काढले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेच रोखे ग्रॅमला ६,१३२ रुपयांनी फेडावे लागले, शिवाय वर्षाला २.७५ टक्के व्याज वेगळे. फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका निघाली नाही.