भ्रूणलिंगनिवड

गर्भधारणेपूर्वी किंवा प्रयोगशाळेत वाढवलेला भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी, मूल मुलगा असावे की मुलगी हे ठरवून केलेली निवड. गर्भ राहिल्यानंतरच्या गर्भलिंगनिदानाहून ही वेगळी असली, तरी भारतीय कायद्याने दोन्ही एकाच निषेधाखाली आणली आहेत.

तंत्र. आयव्हीएफमध्ये फलित झालेला भ्रूण पाचव्या दिवसाच्या सुमारास शंभर-दोनशे पेशींचा होतो. त्याच्या बाहेरील थरातून पाच-दहा पेशी काढून गुणसूत्रे तपासतात व निकाल येईपर्यंत भ्रूण गोठवून ठेवतात. ही तपासणी आनुवंशिक दोषांसाठी असली, तरी तीत क्ष आणि य गुणसूत्रेही दिसतात. त्यामुळे भारतात अहवालातून लिंग झाकले जाते.

कायदा. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. 1994 चा केंद्रीय कायदा 1996 पासून अंमलात आला, पण त्याचा रोख गर्भ राहिल्यानंतरच्या तपासण्यांवर होता. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात 1991 मध्ये 946 होती, ती 2001 मध्ये 913 झाली. ‘सेहत’ व ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 2003 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची निवडही गुन्हा ठरली. 2021 च्या सहाय्यक जननतंत्र कायद्याने आयव्हीएफ केंद्रांना ठरावीक लिंगाचे मूल देऊ करण्यास मनाई केली. त्याने एकच वाट मोकळी ठेवली आहे : लिंगाशी निगडित आनुवंशिक आजार टाळणे.

आक्षेप व उत्तर. बंदीवरचा सर्वांत सबळ आक्षेप असा की, येथे गर्भपात नाही, कोणाचा जीव जात नाही. दोन मुलींनंतर जोडप्याला मुलगा हवा असेल तर तो कुटुंबाचा समतोल होय. नेमका हाच युक्तिवाद दोन मुली असलेल्या एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात मांडला. 2007 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि अशी निवड स्त्रीत्वाचा अवमान करणारी मानली. आकडेवारीही न्यायालयाच्या बाजूने आहे. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतव्यापी अभ्यासानुसार, पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे 759 मुली जन्मल्या, आणि आधीच्या दोन्ही मुली असतील तर तिसऱ्या खेपेला 719. निसर्गतः ही संख्या साडेनऊशेच्या आसपास असते. म्हणजे ‘समतोल’ जिथे मागितला जातो, तिथेच मुली नाहीशा होत होत्या. समतोलाची सूट दिली, तर ती याच घरांच्या हाती पडेल. वैयक्तिक स्वातंत्र्याचा मुद्दा पोकळ नाही. पण अशा घरांत मागणी पत्नीची स्वतःची की सासरच्या दडपणाची, हे अर्जावरून कळत नाही. म्हणून कायदा सक्ती झालेल्या स्त्रीला शिक्षेतून वगळतो आणि विरुद्ध पुरावा नसेल, तर सक्ती पतीने वा नातेवाइकांनी केली असे गृहीत धरतो.

समुपदेशन. चांगल्या केंद्रात मागणी ऐकून घेतली जाते, पण उत्तर पहिल्याच भेटीत स्पष्ट असते : हे होणार नाही, आणि दुसरीकडे कुठे होते हेही आम्ही सांगणार नाही. त्यानंतर पत्नीशी एकटीने बोलणे महत्त्वाचे, कारण सासू वा नवरा शेजारी असताना ती क्वचितच मोकळेपणी बोलते. मुलगा न झाल्याचा दोष तिला दिला जात असेल, तर य गुणसूत्र पित्याच्या शुक्राणूतून येते हे नवऱ्याला समोर बसवून सांगतात. दुसरे काम आजार आणि आवड वेगळे करण्याचे. पत्नीच्या सख्ख्या भावाला हिमोफिलिया आहे असे समजा. आई निश्चित वाहक असेल, तर पत्नी वाहक असण्याची शक्यता निम्मी. आधी भावाच्या रक्तातून नेमका जनुकदोष शोधतात, मग पत्नीत तो आहे का ते पाहतात. नसेल तर विषय संपतो. असेल तर तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि भ्रूणांत तोच दोष तपासता येतो. 1990 मध्ये लंडनमध्ये अशा आजारांसाठी भ्रूणतपासणी सुरू झाली, तेव्हा दोष थेट ओळखता येत नसल्याने केवळ मुलींचे भ्रूण निवडत. आज दोष माहीत असेल तर निरोगी मुलग्याचा भ्रूणही ठेवता येतो. अपवादाची गरज त्यामुळे आक्रसत चालली आहे. दोष सापडतच नाही अशी मोजकी कुटुंबेच उरतात.

इतर देश. ब्रिटन व कॅनडात वैद्यकीय कारणाशिवाय बंदी आहे. अमेरिकेत संघीय बंदी नाही.

शिक्षा. 1994 च्या कायद्यानुसार मागणी करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड.