पेटंट कचेरींतील सात वर्षें

1900 सालीं झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून आल्बर्ट आइन्स्टाइन पदवी घेऊन बाहेर पडले, तेव्हां त्यांच्याबरोबर उत्तीर्ण झालेले तीन विद्यार्थी त्याच संस्थेंत साहाय्यक म्हणून नेमले गेले; आइन्स्टाइन यांना मात्र कोणीं विचारलें नाहीं. विद्यार्थिदशेंत त्यांना आईच्या माहेरच्या नातलगांकडून महिन्यास 100 फ्रँक मिळत, तेही आतां बंद झाले. त्या काळीं डॉक्टरेटच्या उमेदवारास विद्यावेतन असें नसेच. साहाय्यकाची जागा मिळाली तर तिच्या पगारावर प्रबंध लिहावा, नाहीं तर शिकवण्या कराव्या.

1901 सालीं त्यांनीं लाइपझिगचे रसायनशास्त्रज्ञ ऑस्टवाल्ड यांना नोकरीसाठीं पत्र लिहिलें. उत्तर आलें नाहीं. तेव्हां व्यापारांत खचलेल्या वडिलांनीं मुलाच्या नकळत त्याच गृहस्थांस विनंतिपत्र धाडलें. तेंही वायां गेलें. (नोबेल पारितोषिकासाठीं आइन्स्टाइन यांचें नांव पुढें प्रथम सुचविलें तें याच ऑस्टवाल्ड यांनीं!) विंटरटूर व शाफहौझेन येथें तात्पुरती मास्तरकी झाली. पॉलिटेक्निकला तेव्हां डॉक्टरेट देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनीं झुरिक विद्यापीठाकडे एक प्रबंध सादर केला. पण थोड्याच महिन्यांत तो मागें घेतला आणि भरलेले 230 फ्रँक परत घेतले. पूर्वीच्या हिशेबानें ही रक्कम सवादोन महिन्यांच्या निर्वाहाइतकी होती.

अखेर वर्गमित्र ग्रॉसमान यांच्या वडिलांनीं बर्नच्या पेटंट कचेरीचे प्रमुख हालर यांच्याकडे शब्द टाकला, आणि जून 1902 मध्यें तिसऱ्या वर्गाचा तांत्रिक तज्ज्ञ म्हणून सालीना 3,500 फ्रँकांवर आइन्स्टाइन यांची उमेदवारीची नेमणूक झाली. पुढल्या जानेवारींत त्यांनीं विवाह केला.

शोधकांनीं पाठविलेले नकाशे व वर्णनें तपासावीं, कल्पना खरोखर नवी आहे काय हें पाहावें, आणि गबाळें वर्णन नेमक्या शब्दांत बसवून द्यावें, असें तेथील काम होतें. तें आठवड्यास 48 तास, सहा दिवस चाले. 1904 सालीं नोकरी कायम होऊन पगार 3,900 झाला, परंतु वर्ग चढला नाहीं. यंत्रशास्त्रांत हा पदार्थविज्ञानाचा पदवीधर अजून पुरता मुरलेला नाहीं, असें हालर यांचें मत होतें. तें गैरवाजवी म्हणतां येत नाहीं.

या व्यवस्थेंत एक उणीव मात्र मोठी होती. कचेरी सुटे तेव्हां ग्रंथालय बंद झालेलें असे, त्यामुळें इतरांचें लिखाण वाचणें दुर्घट होई. ज्यास विषयाचें वाङ्मय अहोरात्र हातीं लागतें अशा इतिहास-संशोधकाला ही अडचण मारक ठरली असती. गणितावर चालणाऱ्या विचाराला ती सोसवली. सल्ल्याला मिकेले बेसो हे मित्र त्याच कचेरींत 1904 पासून होते. 1905 सालच्या सापेक्षतेवरील निबंधांत एकाही ग्रंथाचा हवाला नाहीं. शेवटीं आभार आहेत ते बेसो यांचे. त्याच वर्षीं रेणूंच्या आकारमानावरील प्रबंध झुरिकला मान्य झाला. 1906 सालीं दुसरा वर्ग व 4,500 फ्रँक मिळाले.

प्राध्यापकपदाची वाट त्यानंतरही सरळ नव्हती. जर्मन पद्धतींत प्रथम 'प्रिव्हाटडोत्सेंट' व्हावें लागे: अध्यापनाचा अधिकार मिळे, पगार नाहीं; श्रोते जी फी देतील तेवढीच प्राप्ति. त्यासाठीं वेगळा अप्रकाशित प्रबंध लागे. आइन्स्टाइन यांनीं 1907 सालीं त्याऐवजीं आपले छापील निबंध जोडले, म्हणून बर्न विद्यापीठानें अर्ज नाकारला. नियमाप्रमाणें प्रबंध दिल्यावर फेब्रुवारी 1908 मध्यें अधिकार मिळाला. त्या उन्हाळ्यांत सकाळीं सात वाजतां व्याख्यान होई, कारण आठास कचेरी! श्रोते तिघे, तेही मित्रच. फीवर संसार चालवावयाचा असता तर उपासच घडले असते. वेतनाविना या पायरीवर टिकणारे बहुधा घरचे सधन असत, आणि पगारी नोकरी न सोडतां ती चढणें हाच निर्धनास मार्ग होता.

1909 सालीं झुरिक विद्यापीठानें उपप्राध्यापकाची जागा देऊं केली, परंतु पगार कचेरीपेक्षां कमी सांगितला. आइन्स्टाइन यांनीं नकार दिला. मग विद्यापीठानें आंकडा वाढवून 4,500 केला, म्हणजे कचेरींत मिळत होता तितकाच, आणि त्याच ऑक्टोबरांत त्यांनीं बर्न सोडलें.